हृदयाचा लॅमिनेटेड तक्ता: वर्षभर शिकवणीत वापरल्यावर

परभणीत घरीच आठवी ते दहावीच्या मुलांची विज्ञानाची शिकवणी घेते. जूनमध्ये शाळा उघडायच्या सुमारास स्टेशनरीच्या दुकानातून मानवी हृदयाचा हा लॅमिनेटेड तक्ता घेतला. आता उन्हाळा लागलाय. तक्ता भिंतीवरून कितीदा उतरवला आणि पुन्हा लावला त्याचा हिशेब नाही, त्यामुळे त्यावर चार शब्द लिहायला हरकत नाही. आधीच सांगते, आकार, कागद आणि ठसठशीत अक्षरं यांबद्दल तक्रार नाही. शेवटच्या ओळीतल्या लेकरालाही ‘निलय’ वाचता येतं. माझं म्हणणं आहे ते रंगांबद्दल.

अशा तक्त्यात निळा म्हणजे कमी ऑक्सिजनचं रक्त आणि लाल म्हणजे भरपूर ऑक्सिजनचं. इतकं सगळ्यांना माहीत असतं. घोटाळा पुढे होतो, कारण ‘धमनी म्हणजे लाल, शीर म्हणजे निळी’ असं मुलं कुठून तरी पाठ करून आलेली असतात. आठवीतल्या एका मुलीने पहिल्याच दिवशी तक्त्यासमोर उभं राहून विचारलं, “मॅडम, ही फुप्फुस धमनी आहे ना, मग निळी कशी? छापताना चुकलं का?”

छापताना चुकलं नव्हतं, निदान त्या जागी तरी नाही. तिला मी उजव्या अलिंदापासून चालत नेलं. त्याआधी एक गोष्ट सांगावी लागते. तक्त्यातला माणूस आपल्याकडे तोंड करून उभा आहे, म्हणून त्याची उजवी बाजू आपल्या डाव्या हाताला येते. ही खूण या तक्त्यावर छापलेलीच नाही. मी वर मार्करने ‘उ’ आणि ‘डा’ लिहून टाकलं. घेणाऱ्याने पहिलं काम हेच करावं.

आता पायाच्या अंगठ्यातून निघालेला रक्ताचा एक थेंब धरू. स्नायूंनी त्यातला बराच ऑक्सिजन काढून घेतलाय. तो अधोमहाशिरेतून वर येतो. डोक्याकडून आणि हातांकडून येणारं रक्त ऊर्ध्वमहाशिरेतून खाली येतं, आणि दोन्ही उजव्या अलिंदात उतरतात. इथे रंग निळा. त्रिदल झडप उघडते, रक्त उजव्या निलयात येतं. रंग निळाच, कारण वाटेत ऑक्सिजन मिळेल असं काही घडलेलंच नाही. निलय आकुंचन पावतं, रक्त अर्धचंद्राकृती झडपेतून फुप्फुस धमनीत जातं. इथे मी थांबते आणि विचारते, “हे रक्त फुप्फुसात जाऊन आलंय का?” नाही. मग अजून निळंच. “हृदयाकडे चाललंय की हृदयातून बाहेर?” बाहेर. मग ती धमनी.

हे दोन प्रश्न वेगवेगळे ठेवायचे. रंग ठरतो पहिल्या प्रश्नावर, वाहिनीचं नाव ठरतं दुसऱ्यावर. बाकी सगळ्या शरीरात दोन्हींची उत्तरं जोडीने येतात म्हणून मुलांना ती एकच वाटतात. फुप्फुसाच्या फेरीत मात्र जोडी उलटते. फुप्फुसातल्या केशवाहिन्यांमध्ये रक्त कार्बन डायऑक्साइड सोडतं, ऑक्सिजन घेतं आणि लाल होऊन फुप्फुस शिरांमधून परत येतं. हृदयाकडे येतंय म्हणून शीर, फुप्फुसातून आलंय म्हणून लाल. तिथून डावं अलिंद, मग द्विदल झडप, मग डावं निलय, आणि शेवटी महाधमनी. या साऱ्या वाटेला रंग एकच, लाल.

तक्त्याची खरी चूक याच ठिकाणी आहे. फुप्फुस शिरा साधारणपणे चार असतात, प्रत्येक फुप्फुसातून दोन. चारही डाव्या अलिंदात येतात. डाव्या फुप्फुसाकडच्या दोन इथे लाल आहेत, उजव्या फुप्फुसाकडच्या दोन निळ्या. कारण उघड दिसतं. त्या दोन्ही शिरा चित्रात निळ्या उजव्या अलिंदाच्या मागून जातात, म्हणून रंग भरणाऱ्याने शेजाऱ्याचाच रंग त्यांना देऊन टाकला. म्हणजे तक्त्यावर विश्वास ठेवला तर उजव्या फुप्फुसातून रक्त ऑक्सिजन न घेताच परत येतं! मी त्या दोन नळ्यांवर लाल चिकटपट्टीच्या बारीक फिती लावल्या आणि आता भागतंय. दुकानात तक्ता निवडताना नेमकी हीच जागा पाहा. उजव्या फुप्फुसाकडून येणाऱ्या शिरा लाल आणि डाव्या फुप्फुसाकडे जाणारी धमनीची फांदी निळी असेल, तर रंग भरणाऱ्याने समजून भरलेत. कागदाची अर्धी बाजू निळी आणि अर्धी लाल दिसली तर तक्ता ठेवून द्या.

भिंतींची जाडी या चित्रात चांगली दाखवलीय, हे कौतुकाने सांगते. डाव्या निलयाची भिंत उजव्यापेक्षा ठळकपणे जाड आहे. मोठ्या माणसात ती साधारण 1 सेंटिमीटर असते, उजवीची त्याच्या निम्म्याहून कमी. मुलांना वाटतं की डावीकडे रक्त जास्त असतं म्हणून भिंत जाड. तसं नाही. विश्रांतीत एका ठोक्याला दोन्ही निलयं सारखंच, सुमारे 70 मिलिलिटर रक्त बाहेर टाकतात. उजव्याला ते शेजारच्या फुप्फुसापर्यंतच न्यायचं असतं, डाव्याला डोक्यापासून पायापर्यंत. उजव्या निलयातला दाब पाऱ्याच्या 25 मिलिमीटरच्या आसपास जातो, डाव्यातला 120 च्या. डॉक्टर ‘बीपी 120-80’ म्हणतात त्यातले 120 इथून येतात, हे कळल्यावर आजोबांच्या गोळ्यांपर्यंत प्रश्न जातात आणि तास लांबतो.

झडपा मात्र नुसत्या पांढऱ्या रेघा आहेत. आमच्याकडे बहुतेक मुलं शेतकऱ्यांची, म्हणून मी विहिरीतल्या पाइपाच्या टोकाला असलेला फूट व्हॉल्व्ह आठवायला सांगते. पाणी वर जाऊ देतो, मोटार थांबली की मिटतो, खाली पडू देत नाही. झडप स्वतः काही ओढत नाही, दाबाने उघडते आणि दाबानेच मिटते. द्विदल आणि त्रिदल झडपांच्या पाकळ्या अलिंदात उलटू नयेत म्हणून त्यांना खालून दोऱ्यांसारखे तंतू बांधलेले असतात. ते तक्त्यात नाहीत, मी पेनाने काढले.

एक त्रुटी बरेच दिवस माझ्या लक्षात राहील. बाणांना क्रमांक दिलेत, आणि क्रमांक पाहून मुलांना वाटतं की आधी उजवी बाजू धडधडते, मग डावी. क्रमांक एका थेंबाच्या प्रवासाचे आहेत, ठोक्याचे नाहीत. दोन्ही अलिंदं एकत्र आकुंचन पावतात, त्यापाठोपाठ दोन्ही निलयं एकत्र. एक थेंब फुप्फुसाकडे ढकलला जातो त्याच क्षणी दुसरा महाधमनीत. मूल यात अडकलंय हे ओळखायचं असेल तर ठोक्याच्या आवाजांबद्दल विचारा. ज्याला बाजू आळीपाळीने चालतात असं वाटतं तो म्हणतो, “लब उजवीकडचा, डब डावीकडचा.” प्रत्यक्षात पहिला आवाज अलिंद-निलयामधल्या दोन्ही झडपा मिटण्याचा, दुसरा दोन्ही अर्धचंद्राकृती झडपा मिटण्याचा.

तक्त्याच्या मर्यादेवर खरं बोट ठेवलं ते दहावीतल्या एका मुलाने. शाळेतल्या आरोग्य तपासणीत गावातल्या एका लहान मुलाच्या हृदयात छिद्र निघालं होतं. त्याने तक्त्यातल्या दोन निलयांमधल्या पडद्यावर बोट ठेवून सांगितलं, “इथून निळं रक्त लालमध्ये जाणार, म्हणून पोरगं निळं पडणार.” रंगांवरून काढलेला तर्क म्हणून बरोबर वाटतो, पण मघाचे दाब आठवा. डावीकडे 120, उजवीकडे 25. रक्त जास्त दाबाकडून कमीकडे जातं, म्हणजे लाल रक्त निळ्यात शिरतं. ते पुन्हा फुप्फुसात जातं, फुप्फुसांवर भार येतो, बाळाला धाप लागते, दूध पिताना दमतं, वजन वाढत नाही; पण नुसतं तेवढंच छिद्र असेल तर सुरुवातीला निळं पडत नाही. मोठं छिद्र बरीच वर्षं तसंच राहिलं आणि फुप्फुसातला दाब चढत गेला, तर प्रवाह उलटू शकतो आणि मग निळेपणा येतो. रंगीत चित्र ऑक्सिजन सांगतं, दाब सांगत नाही. मी आता दोन्ही निलयांत पेन्सिलीने 25 आणि 120 लिहून ठेवलेत.

निळा रंग खरा नसतो, हेही एकदा सांगून टाकावं लागतं, नाहीतर मुलं मनगटाची शीर दाखवून पुरावा देतात. रक्तदान शिबिरातली पिशवी पाहा. ते रक्त शिरेतलं, आणि रंग काळपट तांबडा. शीर निळसर दिसते ती त्वचेतून प्रकाश ज्या तऱ्हेने परत येतो त्यामुळे. निळ्या रक्तातही ऑक्सिजन संपलेला नसतो. विश्रांतीत फुप्फुस धमनीतल्या हिमोग्लोबिनच्या सुमारे 70 ते 75 टक्के जागा ऑक्सिजनने भरलेल्याच असतात. कोरोनात घरोघरी आलेला ऑक्सिमीटर बोटाला लावला की 97-98 दिसतं, ते धमनीतल्या रक्ताचं, म्हणजे तक्त्यातल्या लाल बाजूचं. मुलीने दोन्ही आकडे वहीत शेजारी लिहिले आणि म्हणाली, “मग निळं म्हणजे रिकामं नाही.” मी तिच्या वहीवर शेरा मारला नाही, तिच्या जागी दुसऱ्या कुणाला बोलावून तेच सांगायला लावलं.

परीक्षा घ्यायला तक्त्याचा मोबाइलवर फोटो काढून काळ्या-पांढऱ्या झेरॉक्स काढते, नावं पुसून, आणि मुलांना दोन खडू देते. पहिल्या खेपेला बहुतेक कागदांवर फुप्फुस धमनी लाल येते. दोन प्रश्न विचारून पुन्हा रंगवायला सांगितलं की कमी जण चुकतात. त्यांच्यात मात्र एक नवी चूक दिसते: महाधमनीची कमान फुप्फुस धमनीवरून जाते, तिथे वरून कोण आणि खालून कोण हे न बघता रंग मध्येच बदलतात. अशा वेळी प्रत्येक नळी कुठून निघते ते बोटाने मागे न्यायला सांगा, निलयापर्यंत पोचलं की रंग आपोआप कळतो.

टिकाऊपणाबद्दल. माझा तक्ता पश्चिमेच्या खिडकीसमोर होता आणि परभणीचं ऊन तुम्हाला माहीत आहे. लाल भाग फिकट गुलाबी झाला, निळा जवळपास तसाच राहिला. त्यामुळे फेब्रुवारीपासून डावी बाजू हळूहळू अशक्त दिसू लागली आणि मी तक्ता आतल्या भिंतीवर नेला. कोपऱ्यांवरचं लॅमिनेशन सुटतंय, चिकटपट्टी मारलीय.

दीडशे रुपयांत घेतला होता. पाचपैकी तीन. उजव्या फुप्फुसाच्या शिरा लाल छापल्या असत्या तर चार दिले असते. नवीन आवृत्ती आली असेल तर दुकानदाराला तक्ता उलगडून दाखवायला सांगा, गुंडाळलेला घेऊ नका.