रात्रीचं चार्जिंग: उशीखाली, गादीवर की टेबलावर?

रात्री फोन चार्जिंगला लावायला बहुतेकांकडे तीन जागा असतात: उशीखाली, गादीवर अंगाशेजारी, नाहीतर बेडपासून हातभर लांब टेबलावर. फोन, चार्जर, केबल तीच. फरक पडतो तो दोन गोष्टींत. तयार झालेली उष्णता जाते कुठे, आणि काही बिघडलंच तर त्या आगीला शेजारी पेटायला काय मिळतं.

१५ वॅटचा साधा चार्जर घेऊ. त्यातली दीड-दोन वॅट वीज फोनमध्येच उष्णता होऊन बसते. टेबलावर ती पाठीतून आणि स्क्रीनमधून हवेत निघून जाते आणि फोन जरा कोमट लागतो, एवढंच. उशीत मात्र कापूस किंवा फोम असतो आणि त्यांचं कामच ऊब धरून ठेवायचं. तीच दोन वॅट तिथे साचत जातात. त्यातही चार्जिंगचा जोर पहिल्या तास-दीड तासात सर्वांत जास्त असतो, म्हणजे नेमकी आपली झोप लागते तेव्हा.

पण उशीखाली ठेवला की फोन फुटतोच, असं नाही. धड फोन तापला की स्वतःच करंट कमी करतो किंवा चार्जिंग थांबवतो. आयफोनवर अशा वेळी Charging On Hold अशी सूचना येते. बॅटरीवर ही राखण असते, म्हणून रोज उशीखाली फोन ठेवणाऱ्यांनाही वर्षानुवर्षं काही होत नाही आणि सवय पक्की होते.

गोची होते केबलच्या टोकाशी. १५ वॅट म्हणजे ५ व्होल्ट आणि ३ अँपिअर. पिन सैल झाली, तिच्यात धूळ-घाम गेला आणि तिथला रोध ०.३ ओहम झाला असं धरा. करंटचा वर्ग गुणिले रोध, म्हणजे ९ गुणिले ०.३, म्हणजे २.७ वॅट. सगळ्या फोनमध्ये मिळून जेवढी उष्णता तयार होते, त्याहून जास्त उष्णता नखाएवढ्या जागेत! बॅटरीजवळचा सेन्सर या टोकापासून दूर असल्याने त्याला हे उशिरा कळतं, कधी कळतही नाही. उशीखाली डोक्याच्या वजनाने केबल रोज त्याच जागी दुमडते आणि प्लग तिरका दाबला जातो. टेबलावर तो सरळ राहतो. माझ्या एका जुन्या केबलची मधली पिन तपकिरी पडलेली मी पाहिली, त्या दिवसापासून ती केबल कचऱ्यात आणि फोन टेबलावर.

दुसरी शक्यता फोन आधीच दुखावलेला असण्याची. एखाद्या पडण्यात बॅटरीच्या आतले थर चेपलेले असतात. त्यांच्यामध्ये केसाहूनही पातळ प्लॅस्टिकचा पडदा असतो आणि तो साधारण १३० अंश सेल्सिअसला वितळतो. आत बारीकसा शॉर्ट झाला, तर उघड्यावर त्याची उष्णता कदाचित निघूनही जाईल. उशीखाली ती आतच कोंडते, पडदा वितळतो आणि पुढच्या रासायनिक क्रिया स्वतःच उष्णता वाढवत नेतात. मग चार्जर काढूनही त्या थांबत नाहीत. आगीची झळ दगडी किंवा काचेच्या पृष्ठभागावर बसली तर नुकसान बहुधा तेवढ्यापुरतं राहतं. फोमची गादी मात्र पेट घेते, आणि झोपलेल्याला ज्वाळेपेक्षा आधी तिचा विषारी धूर गाठतो. धुराच्या वासाने जाग येईलच याचा भरवसा नसतो.

गादीवर उघडा ठेवणं हा मधला मार्ग वाटतो. मला तो वाटत नाही. तासाभराने तुम्ही कूस बदलता, पांघरूण सरकतं आणि फोन त्याखाली जातो. वायरलेस पॅड गादीवर ठेवणं तर त्याहून वाईट, कारण त्यात वाया जाणारी वीज तारेच्या चार्जिंगपेक्षा बरीच जास्त असते. चार्जरचा अॅडॅप्टरही तापतो, म्हणून एक्स्टेन्शन बोर्ड गादीवर ओढून आणू नका.

अलार्मसाठी फोन उशाशीच हवा, ही अडचण खरी आहे. त्यावर उपाय म्हणजे चार्जिंग आधी उरकणं. ५००० एमएएचची बॅटरी १५ वॅटवर २० टक्क्यांवरून ८० टक्क्यांवर साधारण तासाभरात जाते. जेवणाच्या आसपास लावा, झोपताना काढा आणि मग उशाशी ठेवा. टेबल नसेल तर उघडी फरशी चालते, पडदा आणि गादीपासून लांब.

फोन सपाट काचेवर पालथा, म्हणजे स्क्रीन खाली करून ठेवा आणि बोटाने कोपरा दाबा. डुगडुगला, पाठ फुगलेली दिसली, स्क्रीन कडेने उचलली गेली किंवा गोडसर, सॉल्व्हंटसारखा वास आला, तर त्याला टेबलावरही चार्जिंगला लावू नका. बॅटरी बदलून घ्या.