भट्टीची नळी: सोडा-लाइम, बोरोसिलिकेट की क्वार्ट्झ?

मुंबईत प्रिन्सेस स्ट्रीटला प्रयोगशाळेचं सामान विकणाऱ्या दुकानात नळी मागितली, की सोडा-लाइम, बोरोसिलिकेट आणि ‘क्वार्ट्झ’ असे तीन प्रकार मिळतात. यातली क्वार्ट्झची नळीही काचच असते, सिलिकाची काच, स्फटिक नव्हे. स्फटिक आणि काच, दोन्हींत सिलिकॉनच्या एका अणूभोवती ऑक्सिजनचे चार अणू असतात आणि प्रत्येक ऑक्सिजन दोन सिलिकॉनना जोडणारा पूल असतो. स्फटिकात हे सगळे पूल सारख्याच कोनात, साधारण १४४ अंशांत वाकलेले असतात. काचेत हा कोन जागोजागी बदलतो, म्हणून रचना सैल राहते. स्फटिकाची घनता घन सेंटीमीटरला २.६५ ग्रॅम, तर सिलिका काचेची २.२०. खऱ्या स्फटिकाची नळी भट्टीत टिकणारही नाही, कारण ५७३ अंश सेल्सिअसला त्याची रचना बदलते, आकारमान झटकन वाढतं आणि तो तडकतो.

काच एका ठरावीक तापमानाला वितळत नाही, तेही या असमान कोनांमुळेच. स्फटिकात सगळे बंध सारखे, म्हणून ते एकदमच हार मानतात. काचेत जिथे ताण जास्त तिथला बंध आधी सुटतो, घट्ट बसलेला नंतर. त्यामुळे काच हळूहळू पातळ होत जाते. सोडा-लाइमचा आतला ताण ५४० अंशांच्या आसपास निघून जातो, ७२० ला ती स्वतःच्या वजनाने वाकते आणि १००० ला मधासारखी ओघळते. एवढी ऐसपैस मुभा असते म्हणूनच नळी फुगवता, वळवता येते.

सिलिका काच मऊ व्हायला मात्र १६५० अंशांच्या आसपास तापमान लागतं. मग साध्या काचेत एवढा फरक कशाने पडतो? ७५ रेणू सिलिका, १५ सोडियम ऑक्साइड, १० कॅल्शियम ऑक्साइड असं मिश्रण घ्या. ७५ सिलिकॉनमध्ये १५० पूल असतात आणि बाहेरून आलेल्या ऑक्साइडचा प्रत्येक रेणू एक पूल तोडतो. म्हणजे २५ पूल तुटले, सहातला एकच, आणि मऊ होण्याचं तापमान नऊशेहून जास्त अंशांनी उतरलं! सोडियम, कॅल्शियम हे जाळं मोडणारे. बोरॉन मात्र सिलिकॉनसारखा जाळ्यातच बसतो. त्यामुळे बोरोसिलिकेट ८२० अंशांच्या आसपास मऊ होते, पण सोडा-लाइमच्या जेमतेम एक तृतीयांश प्रसरण पावते आणि गरम-थंड सोसते.

नळ्या बर्नरवर वाकवायला शिकायचं असेल, तर सोडा-लाइमच घ्या. चटके सोसणारं उपकरण हवं तर बोरोसिलिकेट, पण ती वळवायला ज्योतीला ऑक्सिजन लागेल. भट्टी १००० अंशांवर चालणार असेल तर या तिन्हींत क्वार्ट्झशिवाय पर्याय नाही.

क्वार्ट्झची नळी उघड्या हाताने मात्र धरू नका. मुंबईच्या दमटपणात बोटांना घाम असतोच, आणि त्यातलं सोडियम भट्टीत तिथले पूल तोडतं. सुटे झालेले अणू मग क्रिस्टोबलाइट या स्फटिकात रचले जातात. बोटांच्या ठशांच्या जागी दुधी डाग दिसतात, आणि नळी थंड होताना २५० अंशांच्या आसपास तो थर आकसून भेगाळतो. भट्टीत घालण्याआधी नळी अल्कोहोलने पुसा आणि मग हातमोजे घालूनच धरा.