कोर्टाचे पांढरे शर्ट आणि काखेतले पिवळे डाग: परकार्बोनेट सात महिने वापरल्यावर

मी शिवाजीनगर कोर्टात प्रॅक्टिस करतो, म्हणजे रोज पांढरा सुती शर्ट, आणि कोथरूडहून टू-व्हीलरवर पोचेपर्यंतच काखा भिजलेल्या असतात. फेब्रुवारीत कपाट उघडून बघितलं तर अकरापैकी सात शर्ट काखेत पिवळे झालेले, त्यातल्या तिघांचं कापड तर तिथे पापडासारखं कडक झालं होतं. त्याच आठवड्यात सोडियम परकार्बोनेटची एक किलोची पिशवी मागवली, आता सप्टेंबर आहे, दुसरी पिशवी संपत आलीय.

हे परकार्बोनेट म्हणजे धुण्याचा सोडा आणि हायड्रोजन पेरॉक्साइड एकत्र बांधलेली पांढरी पावडर, पाण्यात पडली की दोन्ही सुटे होतात, सोडा तेलकटपणा उचलतो आणि पेरॉक्साइड पिवळा रंग मोडतं. पण गार पाण्यात हे फार हळू चालतं, मी पहिल्यांदा नळाच्या पाण्यात भिजवले आणि काहीच झालं नाही. आता प्लास्टिकच्या बादलीत एक तांब्या उकळतं पाणी आणि दोन तांबे नळाचं, साधारण पन्नास डिग्री होतं, त्यात लिटरला एक मोठा चमचा पावडर, आणि शर्ट तीन-चार तास. बारीक बुडबुडे बराच वेळ येत राहिले पाहिजेत, नाही आले तर पावडर दमट होऊन मेलेली आहे असं समजा.

आता खरी गोष्ट. एवढं करून कॉलर एकदम स्वच्छ निघाली, आणि त्याच शर्टाची काख जशीच्या तशी! घाम तर दोन्हीकडे येतो, मग असं का? फरक एकच, कॉलरला रोलऑन लागत नाही. बाटलीमागे बघितलं तर ॲल्युमिनियम क्लोरोहायड्रेट लिहिलेलं होतं, घाम थांबवणाऱ्या रोलऑनमध्ये हे किंवा असंच ॲल्युमिनियमचं मीठ असतं. ताज्या घामाला रंग नसतो, पण त्यातली प्रथिनं आणि त्वचेचं तेल या मिठाशी जुळून धाग्यात चिकट थर बसतो, वरून तेल हवेनं पिवळं पडत जातं आणि इस्त्रीच्या उष्णतेनं ते आणखी पक्कं होतं. म्हणजे एका डागात दोन वेगळ्या गोष्टी आहेत, रंग पेरॉक्साइडनं जातो पण ॲल्युमिनियमचा थर सोड्याला दाद देत नाही, त्याला आंबटच लागतं.

म्हणून मार्चपासून आधी सायट्रिक ॲसिड, किराणा दुकानात लिंबूसत्त्व म्हणून मिळतं ते, लिटरला दोन मोठे चमचे, कोमट पाण्यात फक्त काखा पाऊण तास बुडवून ठेवतो, मग जुन्या मऊ ब्रशनं घासतो. थर सुटायला लागला की बोटाला बुळबुळीत लागतं, तिथेच कळतं की काम होतंय. नंतर दोन-तीन पाण्यातून नीट खळबळून घ्यायचं, कारण आंबट कापडात वाळलं तर सूत कमजोर होतं, आणि ते राहिलेलं असताना परकार्बोनेट टाकलं तर दोघं एकमेकांना मारतात. मगच गरम पाण्याची बादली. हातमोजे घाला, माझी बोटं एकदा चांगली सोलवटली होती. आणि हे मिश्रण उरलं तर बाटलीत बंद करून ठेवू नका, आत गॅस तयार होत राहतो, बाटली फुटू शकते.

निकाल सांगतो. चार हलके पिवळे शर्ट एकाच फेरीत पांढरे झाले. तीन कडक शर्टांपैकी दोन तीन फेऱ्यांनी मऊ झाले, उन्हात धरून बघितलं तर फिकट सावली दिसते, कोटाखाली चालून जातं. तिसरा मात्र गेलाच, कारण त्याला मी जानेवारीत क्लोरीनवालं ब्लीच लावलं होतं, घामाच्या प्रथिनांवर क्लोरीन पडलं की डाग उलट जास्त पिवळा होतो आणि सूतही झिजतं, तो ब्रश लावल्यावर काखेत फाटलाच. आणि ब्लीच आणि लिंबूसत्त्व तर चुकूनसुद्धा एकत्र करू नका, विषारी क्लोरीन वायू सुटतो. रेशमी, लोकरी कपड्यांनाही परकार्बोनेट लावू नका.

आई म्हणाली रोलऑन सोड, बाबांसारखी तुरटी फिरव. पण तुरटीसुद्धा ॲल्युमिनियमचंच मीठ आहे, त्यामुळे तो विचार सोडला. आता रात्री लावतो, सकाळी अंघोळीत बरंचसं निघून जातं, आणि कोर्टातून आल्यावर शर्ट बास्केटमध्ये न टाकता काखा लगेच गार पाण्यात चोळतो. एप्रिलमध्ये घेतलेले दोन नवीन शर्ट असेच वापरतोय, अजून पिवळे नाहीत, आणि इस्त्रीवाल्या काकांना सांगून ठेवलंय की काखेत डाग दिसला तर इस्त्री न करता परत द्या.