आयफोनमधला वायफायचा पासवर्ड: आठ महिन्यांचा अनुभव

आमचं गाव दारव्हा तालुक्यात. मोबाईलची रेंज गच्चीवर, म्हणून घरात केबलवाल्याचं फायबर घेतलं. डबा बसवायला आलेल्या पोराने पासवर्ड स्वतःच टाकला, खोक्याच्या झाकणावर पेनाने लिहिला आणि गेला. ते झाकण आईने दुसऱ्याच दिवशी चुलीत घातलं. तेव्हापासून आमच्या घरी पासवर्ड म्हणजे माझा जुना घेतलेला आयफोन ११.

करायचं एवढंच: Settings मध्ये Wi-Fi उघडायचं, जोडलेल्या नावापुढच्या गोलातल्या i वर बोट ठेवायचं. Password समोर नुसते ठिपके असतात. त्यावर टेकवलं की फोन चेहरा पाहतो आणि अक्षरं उघडी होतात, सोबत Copy येतं. ही सोय २०२२ च्या आयओएस १६ पासून आहे. त्याआधी आयफोन पासवर्ड जपायचा, जवळच्या दुसऱ्या आयफोनला देऊही करायचा, पण मालकालाच दाखवायचा नाही.

उन्हाळ्यात चेहऱ्याचं काही खरं नाही. एप्रिलात वावरातून आलो की तोंडाला दुपट्टा, फोन ओळखत नाही आणि पासकोड मागतो. पासकोड टाकला तरी पासवर्ड तसाच दिसतो. पुढे याच गोष्टीने घोळ केला, तो शेवटी सांगतो.

सगळ्यात कामाचं बटण Edit आहे. Wi-Fi च्या पानावर वर उजव्या कोपऱ्यात असतं आणि कित्येक जण ते कधी दाबतच नाहीत. दाबलं की चेहरा किंवा पासकोड मागतो आणि आजवर लक्षात ठेवलेल्या सगळ्या नेटवर्कची यादी समोर येते. बहिणीचं घर, कृषी केंद्र, लग्नाचं मंगल कार्यालय, सगळं. तिथेही i दाबून पासवर्ड पाहता येतो, त्या जागी हजर असायची गरज नाही. फक्त हात जपून चालवा. त्याच यादीतून नाव काढलं की पासवर्डही गेला.

जूनमध्ये मी अकोल्याला बहिणीकडे होतो. गावात रात्री वीज कडाडली, सकाळी पुतण्याचा फोन. "काका, नेट चालू आहे, पण माह्या मोबाईलात पासवर्ड मागून रायला." मी Edit उघडून वाचून दाखवला. चुकला. मोठा आय की लहान एल, शून्य की ओ, यावर दहा मिनिटं गेली. मग Copy करून व्हॉट्सअॅपवर पाठवला, म्हणजे वाचण्याची चूक व्हायचं कारणच उरलं नाही. तरी चुकीचा.

"भाऊ, डब्बा तोच हाय ना?" मी विचारलं. तर कळलं की विजेने जुना जळाला, पहाटेच केबलवाल्याचा पोरगा नवीन लावून गेला होता. नाव त्याने तेच ठेवलं, पासवर्ड दुसरा. माझा फोन खोटं बोलत नव्हता, त्याला जुनंच आठवत होतं. तिथे दिसतो तो फोनने शेवटचा जपलेला पासवर्ड. डब्यात आज काय आहे, हे त्याला लांबून कळत नाही. ज्या नेटवर्कला फोन या क्षणी जोडलेला आहे, त्याचाच पासवर्ड डोळे झाकून सांगावा. यादीतला असेल तर आधी विचारावं, मधे डबा बदलला का, कोणी रीसेट केला का. त्या दिवशी केबलवाल्याला फोन करूनच काम झालं. घरी आल्यावर माझ्याही फोनने नवीन मागितला, टाकला, आणि मग त्याच जागी नवीन दिसू लागला.

आता पाहुण्यांना मी वाचून दाखवतच नाही. आयओएस १८ पासून Passwords नावाचं वेगळं अॅप आहे, त्यात Wi-Fi चा कप्पा आहे. तिथून नेटवर्कचा क्यूआर कोड काढता येतो. ई-पीक पाहणी भरायला आमच्या ओसरीवर चार कास्तकार येतात, सगळ्यांचे अँड्रॉइड. कॅमेरा धरला की जोडले.

तक्रार एकच. पासकोड माहीत असलेला कोणीही सगळी यादी पाहू शकतो, एखादंच नाव झाकून ठेवायची सोय मला सापडली नाही. पुतण्याला गेम खेळायला पासकोड सांगितला होता. आठवड्याभरात पारावरच्या पोट्ट्यांच्या मोबाईलात आमचं नेट! मग डब्याचा पासवर्ड बदलला आणि फोनचा पासकोडही. आईला म्हटलं, आता फक्त माझ्या तोंडाने उघडेल. ती म्हणाली, "मंग मले लागलं त तुयं तोंड कुठं हुडकत फिरू?"

तिला पासकोड सांगितला आहे.