भर पावसाळ्यात घरचं चाट काउंटर: वर्षभर वापरल्यानंतर

गेल्या पावसाळ्यापासून आमच्या घरी वाढदिवस असो, केळवण असो, जेवणाचा घाट न घालता चाट काउंटर मांडतो. सगळं आधी तयार करून टेबलावर ठेवायचं आणि पाहुण्यांनी भेळ, शेवपुरी, पाणीपुरी आपापली लावून घ्यायची. दादरचं दोन खोल्यांचं घर, ओट्याशी एका वेळी दोघीच उभ्या राहू शकतात, त्यामुळे ही पद्धत आम्हाला फार सोयीची पडली. पण वर्षभराच्या वापरानंतर एक गोष्ट मला पक्की कळली आहे. घरच्या चाटची चव सहसा बिघडत नाही, बिघडतो तो कुरकुरीतपणा. जुलै-ऑगस्टात मुंबईच्या हवेत आर्द्रता ऐंशी टक्क्यांच्या वर असते आणि उघडी ठेवलेली शेव बघता बघता सादळते. म्हणून माझं सगळं नियोजन आता एकाच प्रश्नाभोवती फिरतं: ओलं आणि कोरडं एकमेकांना नेमकं कधी भेटणार?

स्टॉलवर हा प्रश्न येत नाही, कारण भैया डिश लावतो आणि आपण ती लगेच खातो. घरी पाहुणा डिश लावतो, मग कोणाशी तरी गप्पा मारत खिडकीपाशी जातो आणि पाच-सात मिनिटांनी खायला लागतो. तोवर चटणी पुरीत मुरलेली असते. म्हणून घरच्या चटण्या स्टॉलपेक्षा दाट हव्यात. गोड चटणी चमच्यातून सलग धारेने न पडता थबकत पडली पाहिजे. तिखट चटणीत मी वाटतानाच दोन चमचे डाळं घालते. नुसती कोथिंबीर-पुदिन्याची चटणी वाटीत ठेवली की कडेने हिरवं पाणी सुटतं आणि तेच पाणी आधी पुरीत शिरतं. डाळ्यामुळे ती धरून राहते. रंग काळवंडू नये म्हणून वाटताना साध्या पाण्याऐवजी बर्फाचे खडे आणि वाटून झाल्यावर लिंबू, एवढं पुरतं.

ऑगस्टातल्या एका वाढदिवसाचं उदाहरण सविस्तर सांगते. माणसं वीस, संध्याकाळी सातची वेळ, बाहेर धो धो पाऊस. आदल्या दिवशी सकाळी गोड चटणी केली: दीडशे ग्रॅम चिंच, अडीचशे ग्रॅम बिनबियांचा खजूर, दोनशे ग्रॅम गूळ, सगळं एकत्र शिजवून, वाटून, गाळून. वर भाजलेल्या जिऱ्याची पूड, काळं मीठ, थोडी सुंठ. साधारण लिटरभर होते आणि वीस जणांना पुरून उरते. ही चटणी फ्रिजरमध्ये दोन-तीन महिने सहज टिकते, त्यामुळे खरं तर ती त्याच आठवड्यात करायचीही गरज नाही. गाळायचा मात्र कंटाळा करू नये. मी चटण्यांसाठी दाबायच्या, टोकदार तोंडाच्या बाटल्या वापरते आणि खजुराचा एखादा दोरा त्या तोंडात अडकला की पाहुणा बाटली जोरात दाबतो आणि चटणी शर्टावर उडते.

रात्री साडेतीनशे ग्रॅम पांढरे वाटाणे भिजत घातले आणि दीड किलो बटाटे उकडून सालासकट फ्रिजमध्ये ठेवले. थंड बटाटा सुरीखाली फुटत नाही, चौकोनी फोडी स्वच्छ पडतात आणि त्याला पाणीही सुटत नाही. गरम बटाटा चिरला की चिकट होतो आणि भेळेत गेला की कुरमुऱ्यांना धरून त्यांचा गोळा करतो.

पुदिन्याचं पाणी दुसऱ्या दिवशी दुपारी केलं. पावसाळ्यात मी ते उकळून गार केलेल्या पाण्याचंच करते. गाळलेल्या पाण्यावर एरवी माझा भरवसा आहे, पण वीस माणसांच्या पोटाचा प्रश्न असला की उकळलेलंच. माणशी दहा पुऱ्या धरल्या तर चार लिटर पाणी लागतं. पुदिना, कोथिंबीर, हिरवी मिरची, आलं वाटून त्यात काळं मीठ, जिरेपूड, चिंचेचा कोळ घालायचा, चार तास फ्रिजमध्ये ठेवायचं आणि मग गाळायचं. या चार तासांत मिरची बरीच वर येते, म्हणून सुरुवातीला ती जरा कमीच असावी. मीठ मात्र जरा जास्त, कारण थंड पाण्यात ते जिभेला कमी लागतं. शेवटचं चाखणं थंड झाल्यावरच करावं. यातलंच थोडं पाणी मी बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवते. टेबलावरच्या भांड्यात साधा बर्फ टाकला की तासाभराने पाणी फिकं पडतं, या खड्यांनी ते शेवटपर्यंत तेवढंच चवदार राहतं.

कोरड्या वस्तूंची तयारी सकाळी. लालबागच्या चिवडा गल्लीतून आणलेली नायलॉन शेव आणि मसाला डाळ पाकिटातच बंद. अर्धा किलो कुरमुरे मोठ्या कढईत, चमचाभर तेल, हळद, हिंग घालून मंद आचेवर. चार-पाच मिनिटांत होतात, पण घड्याळावर जाऊ नये. एक कुरमुरा उचलून गार होऊ द्यायचा आणि बोटांत दाबायचा. कुर्रकन फुटला तर झाला, चेपला तर आणखी थोडा वेळ. मग पूर्ण गार झाल्याशिवाय डब्यात भरायचे नाहीत. कोमट कुरमुरे झाकले की त्यांचीच वाफ त्यांना मऊ करते. पुऱ्यांचंही तेच. पाकिटातल्या पुऱ्या मी ओव्हनमध्ये शंभर अंशांवर सहा-सात मिनिटं ठेवते, बाहेर काढून ताटात पसरून गार करते आणि मगच डबा बंद.

कांदा-टोमॅटो सहा वाजता. आधी चिरून ठेवलेल्या कांद्याला उग्र वास येतो आणि फ्रिजमधलं दहीसुद्धा तो वास घेतं. चिरल्यावर थंड पाण्यातून काढून स्वच्छ पंच्यात पाच मिनिटं घट्ट बांधून ठेवला की तिखटपणा उतरतो आणि पाणीही निघून जातं. टोमॅटोच्या बिया आणि गर मी काढूनच टाकते, फक्त बाहेरचा भाग चिरते. कैरीचा मोसम ऑगस्टात संपलेला असतो, तिच्या जागी लिंबाच्या फोडी. कैरीची चव त्याने येत नाही, हे खरंच.

आता मांडणी, कारण निम्मं यश तिच्यात आहे. आमच्या हॉलमध्ये एसी आहे. दारं-खिडक्या बंद करून पाहुणे यायच्या तासभर आधी तो लावला की खोलीतली हवा चांगली कोरडी होते. पुऱ्या, कुरमुरे, शेव, डाळ, सगळं त्या खोलीत. पाणीपुरी आणि गरम रगडा मात्र बाहेर पॅसेजमध्ये, वेगळ्या स्टुलावर. मुंबईच्या पाणीपुरीत रगडा गरमच हवा, आणि त्याची वाफ शेवेच्या वाटीवर जाता कामा नये. एका बारशाला दुसऱ्या घरी रगड्याचा कुकर शेवेशेजारीच ठेवलेला पाहिला. अर्ध्या तासात ती शेव चमच्यालाच चिकटायला लागली होती.

टेबलावर वस्तू डावीकडून उजवीकडे लावण्याच्या क्रमानेच ठेवायच्या. शेवपुरीसाठी आधी चपट्या पुऱ्या, मग बटाटा, कांदा, टोमॅटो, मग दोन चटण्या आणि अगदी टोकाला शेव आणि कोथिंबीर. लोक हाताला येईल ते क्रमाने घेत जातात, कोणाला काही सांगावं लागत नाही. बटाटा पुरीवर आधी बसला की चटणी पुरीपर्यंत उशिरा पोचते. भेळेसाठी मी खोलगट वाडगे ठेवते, ताटल्या नाहीत. ताटलीत भेळ नीट कालवता येत नाही, मग चटणी एका बाजूला साचते आणि तिथले कुरमुरे लगदा होतात.

शेव एकदम मोठ्या भांड्यात ओतत नाही. वीस जणांना पाऊण किलो लागते, पण टेबलावर एका वेळी वाटीभरच. वाटी संपली की पाकिटातून पुन्हा भरायची. शेवेत ओला चमचा गेला की वाटी बदलायची. हे काम मी भाच्यावर सोपवते आणि तो ते मन लावून करतो. वीस मिनिटांनी हाक येते, "मामी, शेव दे, पुऱ्या पण संपत आल्यात."

पाण्यासाठी नळ असलेली काचेची बरणी घेतली होती. दिसायला सुरेख, पण बुंदी घातली की नळ तुंबतो, आणि थेंबथेंब पाणी गळून स्टूल ओलं होतं ते वेगळंच. आता पाण्याचं साधं पातेलं, त्यात ओगराळं, बुंदी वेगळ्या वाटीत आणि प्रत्येकाला एक छोटी स्टीलची वाटी. पाहुण्याने आपल्या वाटीत पाणी घ्यायचं आणि पुरी तिथेच बुडवायची. सगळ्यांचे हात एकाच पातेल्यात जात नाहीत, पावसाळ्यात याला फार महत्त्व आहे.

वेळेची मर्यादा मी काटेकोर पाळते. रगडा मंद आचेवर वाफाळताच राहिला पाहिजे. उकडलेला बटाटा आणि दही बर्फ पसरलेल्या परातीत बसवलेल्या डब्यांत, आणि बर्फाशिवाय दोन तासांवर काहीही बाहेर नाही. मी बटाटा दोन डब्यांत वाटते, पहिला संपल्यावरच दुसरा फ्रिजमधून येतो.

आमच्या मजल्यावर दोन जैन कुटुंबं आहेत. त्यांच्यासाठी सुरुवातीला मी टेबलाचा एक कोपरा राखून ठेवायचे, पण पाहुण्यांचे चमचे इकडचे तिकडे होतात आणि कांद्याच्या वाटीतला चमचा त्या बाजूला जातो. आता त्यांच्यासाठी वेगळं ट्रॉली टेबल असतं: बटाट्याऐवजी उकडलेलं कच्चं केळं, कांदा-लसूण नाही, आणि तिखट चटणी व पुदिन्याचं पाणी आल्याशिवाय वाटलेलं. केळं बटाट्यापेक्षा कोरडं असतं, त्यामुळे त्यांच्या शेवपुऱ्या आमच्यापेक्षा जास्त वेळ कुरकुरीत राहतात. त्यांच्यातले काहीजण सूर्यास्ताच्या आत जेवतात, म्हणून ते टेबल साडेपाचलाच लागतं आणि बाकीचं सातला.

तक्रार म्हणाल तर एकच. आठ-दहा माणसांसाठी एवढा पसारा परवडत नाही. वाट्या, डबे, बाटल्या घासायला तेवढ्याच पडतात. तेवढ्यांसाठी मी सरळ रगडा-पॅटिस करते. काउंटर पंधरा माणसांच्या पुढेच मांडते. उरलेलं पाणी आणि टेबलावर राहिलेला बटाटा त्याच रात्री टाकून देते. गोड चटणी परत फ्रिजरमध्ये जाते, आणि उरलेल्या कुरमुऱ्यांचा दुसऱ्या दिवशी शेंगदाणे, कढीपत्ता घालून चिवडा होतो.