वर्षभराचं शिक्षण: सगळं बचतीतून की फीपुरतं कर्ज?

कोथरूडमध्ये भाड्यानं राहणारी, हातात ६५,००० पगार येणारी, नोकरी सोडून वर्षभराचा कोर्स करू पाहणारी व्यक्ती धरू. बचत १२ लाख, कोर्सची फी ६ लाख, महिन्याचा खर्च ३२,०००.

आधी एक नेहमीची चूक. बुडालेला पगार आणि राहण्याचा खर्च दोन्ही एकाच बेरजेत धरू नका; खर्च पगारातूनच होत होता. हातात किती रोकड लागेल, एवढंच पाहा: १२ महिने शिक्षण, ४ महिने नोकरीचा शोध, म्हणजे ५.१२ लाख. कंपनीचा आरोग्यविमा सहसा नोकरी सुटताच संपतो, नव्यासाठी २०,००० धरा. फीसह ११.३२ लाख.

सगळं बचतीतून केलं तर व्याज नाही, पण शेवटी ६८,००० उरतात. नोकरी दोन महिने आणखी लांबली की खडखडाट.

फी कर्जातून भरली तर १०.५ टक्क्यांनी वर्षाला ६३,००० व्याज. वाचलेले ६ लाख एफडीत ६.५ टक्क्यांनी ३९,००० देतील. फरक २४,०००, सहा लाख हाताशी ठेवण्याची ही किंमत आम्हाला तरी रास्त वाटते. मात्र हप्ते नंतर सुरू होत असले तरी व्याज पहिल्या दिवसापासून चढतं, ते दरमहा भरत राहा. शैक्षणिक कर्जाच्या व्याजावरची करसवलत फक्त जुन्या करप्रणालीत मिळते. आणि सहसा सहकर्जदार लागतो; आईवडील निवृत्त असतील तर अर्ज इथेच अडू शकतो, म्हणून मंजुरी हातात आल्यावरच राजीनामा द्या.