घरातला इमर्जन्सी कागद ठेवायचा कुठे: कपाटात, ड्राइव्हवर की पासवर्ड मॅनेजरमध्ये?

नवरा-बायकोपैकी एकजण अचानक आडवा झाला तर दुसऱ्याला कुठलं खातं कुठे आहे आणि ते उघडायचं कसं हे कळावं म्हणून एक कागद हवा, हे कुणालाही पटतं, अडतं ते तो ठेवायचा कुठे यावर. आमच्या ऐरोलीतल्या सोसायटीत सध्या दोन-तीन घरांत हीच चर्चा चालू आहे म्हणून तिन्ही पर्याय सांगते. माणूस गेल्यानंतरचं मी यात धरत नाही, तिथे नॉमिनी, वारस वगैरे वेगळं काम असतं. इथे माणूस आहे पण बोलू शकत नाहीये, असे पहिले चार-पाच दिवस धरा.

समजा नवरा ठाण्याहून ऑफिस सुटून येताना कोसळला आणि रात्री आठला ॲडमिट झाला. बायकोच्या हातात त्याचा फोन आहे आणि मेडिक्लेमचं कार्ड, पॉलिसी नंबर, मेल सगळं त्याच फोनमध्ये. बोट लावून उघडेल असं वाटतं, पण बॅटरी संपून फोन परत चालू झाला की अँड्रॉइड असो नाहीतर आयफोन, आधी पिनच मागतो. मग सिम काढून आपल्या फोनमध्ये घालू म्हटलं तर सिमला पिन असू शकतो, तीनदा चुकला की ते लॉक होतं, आणि ई-सिम असेल तर काढायलाच काही नाही. डुप्लिकेट सिम घ्यायला ज्याच्या नावावर आहे तोच लागतो, आणि मिळालं तरी पहिले २४ तास त्यावर एसएमएस बंद, म्हणजे ओटीपी नाही. सगळी साखळी फोनच्या पिनवर लटकलेली आहे, कुठलाही पर्याय याच रात्रीसमोर धरून बघा.

गूगल ड्राइव्हवर फाइल. करायला सोपं, बदलायलाही सोपं. पण फाइल फक्त नवऱ्याच्या खात्यात असेल तर ती उघडायला त्याचाच मेल लागणार आणि मेल विचारणार त्याच बंद फोनला. बायकोच्या खात्याशी शेअर केली की हा घोळ मिटतो, पण मग दोघांपैकी एकाचाही मेल कुणी फोडला तर आयता खजिना. म्हणून माझ्या मते इथे पॉलिसीची पीडीएफ आणि लाइट, गॅस, प्रॉपर्टी टॅक्सचे ग्राहक क्रमांक एवढंच ठेवावं.

पासवर्ड मॅनेजर, म्हणजे सगळे पासवर्ड एका मास्टर पासवर्डामागे ठेवणारं ॲप. बिटवॉर्डनचं उदाहरण घेते. त्यात इमर्जन्सी ॲक्सेस आहे, देणाऱ्याकडे प्रीमियम लागतं, घेणाऱ्याला फुकट खातं चालतं. बायकोने रिक्वेस्ट टाकायची, आपण ठरवलेले दिवस जाईपर्यंत नवऱ्याने नकार दिला नाही की तिला आतलं दिसतं. हे दिवस कमीत कमी १, जास्तीत जास्त ९०. नवरा-बायकोत १ च ठेवा, जास्त ठेवून काही साधत नाही. लोक फसतात ते सेटिंगमध्ये: नवऱ्याने बोलवायचं, बायकोने स्वीकारायचं आणि परत नवऱ्याने कन्फर्म करायचं, आणि बरेच जण दुसऱ्या पायरीवरच थांबतात, वाटतं झालं, पण झालेलं नसतं. पुढच्या आठवड्यासाठी हे उत्तम आहे, पहिल्या रात्री मात्र उपयोग शून्य. खातं वापरात नसलं की आपण ठरवलेल्या माणसाला त्यातलं देणारं गूगलचं इनॲक्टिव्ह अकाउंट मॅनेजरही सुचवतात लोक, पण ते कमीत कमी ३ महिने खातं निपचित राहिल्यावर जागं होतं, त्यामुळे इथे बादच.

कपाटातला कागद. रात्री आठला चालतो तो हाच, आणि माझं मत यालाच, फक्त त्यावर सगळे पासवर्ड उतरवायचे नाहीत. फोनचा पिन आणि सिमचा पिन लिहा, कारण फोन बहुतेक माणसासोबतच असतो, नुसत्या पिनचं चोर काय करणार. मेडिक्लेमचा पॉलिसी नंबर आणि हेल्पलाइन लिहा, कॅशलेससाठी हॉस्पिटलचा डेस्क पहिल्यांदा तेच मागतो. बाकी खात्यांसाठी नुसतं कुठे आहे ते: कुठल्या बँकेत, कुठल्या मेलवर, कुठला नंबर जोडलाय.

यूपीआय पिन आणि नेटबँकिंगचा पासवर्ड अजिबात नको. नवरा-बायकोतही ते शेअर करायला बँकेची परवानगी नसते, आणि पैशाची सोय कागदाने करायचीच नाही, घरखर्चाचं एक खातं जॉइंट, ‘आयदर ऑर सर्व्हायव्हर’ करून त्यात दोन-तीन महिन्यांचे पैसे ठेवा, बायको स्वतःच्या कार्डाने काढेल.

गूगलचा पासवर्ड, फोन हाताशी नसताना त्याच्यासोबत टाकायचे बॅकअप कोड आणि मॅनेजरचा मास्टर पासवर्ड वेगळ्या बंद पाकिटात, दुसऱ्या घरी, समजा डोंबिवलीच्या नणंदेकडे. बँक लॉकर नको, रात्री आणि रविवारी तो उघडत नाही. कोड १० मिळतात, एक कोड एकदाच चालतो, आणि नवीन सेट काढला की पाकिटातला जुना सेट बाद, हे विसरलं की पाकीट असूनही दार बंद.

हे झालं की एका रविवारी करून बघा: नवऱ्याने गप्प बसायचं, फोनला हात लावायचा नाही, बायकोने तिच्या लॅपटॉपवर कागद, पाकिटातला गूगलचा पासवर्ड आणि एक कोड वापरून त्याचा मेल उघडायचा. अडकतं ते बहुतेक इथेच, रिकव्हरीला जुन्या ऑफिसचा नंबर नाहीतर कधीच बंद झालेला मेल टाकलेला असतो. तो तेव्हाच बदला, वापरलेला कोड खोडा आणि कागदावर त्या दिवसाची तारीख घाला.